लघुकथा : अनुक्रमांक तीन आणि चार (अभिप्राय हवा आहे)

दारणाकाठ (धागाकर्ती)

ही कथा एका दिवाळी अंकाकडे पाठवण्यापूर्वी येथे देत आहे. पात्रे काल्पनिक आहेत, गाडी मात्र खरी आहे. काळ २००४ ते २००६ असा धरला आहे. मला एकाच गोष्टीबद्दल मत हवे आहे : न्यायाधिकरणाचा निकाल काय लागला, हे कथेत यायला हवे का?

१ जानेवारी २००४ रोजीची स्थिती दर्शवणारी लिपिकांची अंतिम ज्येष्ठता यादी ठाण्याच्या कार्यालयात सूचनाफलकावर लागली, तेव्हा तात्पुरत्या यादीत तिसऱ्या असलेल्या गायधनी मॅडम चौथ्या झाल्या होत्या आणि त्यांच्या जागी देवरे मॅडम आल्या होत्या. वरिष्ठ लिपिकाच्या तीन जागा रिकाम्या होत्या.

गायधनी मॅडम चार महिने आधी रुजू झाल्या होत्या. परंतु सेवाप्रवेशोत्तर परीक्षा विहित मुदतीत आणि विहित संधींत उत्तीर्ण होणाऱ्याचीच मूळ ज्येष्ठता टिकते, आणि त्या तिसऱ्या संधीला बसलेल्याच नव्हत्या. त्या वेळी त्या प्रसूती रजेवर होत्या. पुढच्या परीक्षेत त्या पहिल्या झटक्यात उत्तीर्ण झाल्या आणि त्यानंतर कित्येक वर्षे कोणी हा विषय काढला नाही. तात्पुरत्या यादीवर हरकती मागवल्या गेल्या तेव्हा देवरे मॅडमनी एक पानाची हरकत दिली. तिच्यात कोठेही अनुदार शब्द नव्हता. फक्त परीक्षेची तारीख होती आणि रजा मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक होता. हा क्रमांक सेवापुस्तकाशिवाय कोठेही मिळण्यासारखा नव्हता. सेवापुस्तके आस्थापना शाखेच्या कपाटात असत, आणि त्या कपाटाची किल्ली ज्या टेबलाच्या खणात असे ते टेबल देवरे मॅडमचे होते.

गायधनी मॅडमनी मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, मूळ अर्ज दाखल केला. पहिला प्रतिवादी शासन, दुसरे कार्यालयप्रमुख, आणि तिसऱ्या प्रतिवादी देवरे मॅडम. त्या दिवसापासून दोघींमधले सगळे बोलणे शिपायाच्या हातून आणि कागदावरून होऊ लागले.

अडचण अशी होती की दोघी नाशिकरोडला राहत होत्या. एक जेल रोडला, दुसरी देवळाली गावात. दोघींची सकाळ पंचवटी एक्स्प्रेसने सुरू होई आणि त्याच गाडीने संपे. ठाण्यापर्यंत दीडशे किलोमीटरच्या वर अंतर, आणि संध्याकाळी तेवढेच परत. बायकांच्या डब्यात एक या टोकाला बसे, दुसरी त्या टोकाला, आणि ठाण्याच्या पुलावर एक थोडी रेंगाळे म्हणजे दुसरी पुढे निघून जाई.

ही व्यवस्था मोडली ती गायधनी मॅडमची जागा धरणाऱ्या मनमाडच्या बाईंची बदली झाल्यामुळे. आठवडाभर त्या कसाऱ्यापर्यंत उभ्या राहिल्या. मग लासलगावला चढणाऱ्या आणि कल्याणच्या एका रुग्णालयात काम करणाऱ्या सिस्टरांनी त्यांना दंडाला धरून आणले आणि आपल्या रुमालाखालची एक जागा दाखवली. सिस्टरांना ज्येष्ठता यादी ठाऊक नव्हती. ती जागा देवरे मॅडमच्या शेजारी होती.

नाही म्हणावे तर कारण सांगावे लागले असते. गायधनी मॅडम बसल्या.

पहिले काही आठवडे त्यांनी इगतपुरीपर्यंत डोळे मिटून घेतले आणि घाट उतरताना खिडकीबाहेर पाहिले. खिडकी देवरे मॅडमच्या बाजूला असल्यामुळे बाहेर पाहायचे म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावरून नजर नेणे भाग होते. त्यामुळे एवढे मात्र दोघींना कळले की दुसरी सकाळी काय खाते, दुसरीच्या घरून फोन आला की तिचा आवाज कसा होतो, आणि दुसरीचा कोणता गुडघा दुखतो.

एका सोमवारी गायधनी मॅडमनी नवा त्रैमासिक पास काढून पर्समध्ये ठेवला. देवरे मॅडम म्हणाल्या, "ओळखपत्राचा क्रमांक लिहिलेला नाही."

त्या प्रकरणानंतर थेट उच्चारलेले हे पहिले वाक्य होते. गायधनी मॅडमना त्यात तोच आवाज ऐकू आला, जो त्या हरकतीच्या पानावर होता : कागदावर काय आहे आणि काय नाही एवढेच पाहणारा. त्यांना राग आला. परंतु पासवर क्रमांक नव्हता हे खरे होते, आणि तपासनिसाच्या दृष्टीने असा पास असून नसल्यासारखाच. देवरे मॅडमनी पेन पुढे केले. गायधनी मॅडमनी क्रमांक लिहिला, सही केली आणि पेन टोपण लावून परत दिले.

त्यानंतर बोलणे सुरू झाले असे म्हणता येणार नाही. "डबा आला का", "देवळाली आली", "तुमची ओढणी दारात अडकेल" अशी वाक्ये होऊ लागली. संध्याकाळी कसाऱ्याला मागून इंजिने जोडताना गाडीला जो धक्का बसे, त्याने गायधनी मॅडमची झोप मोडत नसे. देवळाली गेली की देवरे मॅडम त्यांच्या पिशवीवर दोनदा बोट वाजवत, खांद्याला हात लावत नसत.

२००५ च्या पावसाळ्यात एका सकाळी घाटात मालगाडी बंद पडली आणि पंचवटी दोन तास उशिरा ठाण्याला पोहोचली. देवरे मॅडम धावत कार्यालयात गेल्या. अधीक्षकांनी हजेरीपट आत घेतला होता आणि त्यांच्या नावापुढे लाल खूण केली होती. त्या महिन्यातली ती तिसरी होती. तीन खुणांना एक किरकोळ रजा जात असे. त्यांच्या सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि रजा मोजून ठेवलेल्या होत्या.

गायधनी मॅडम अर्ध्या तासाने आल्या. त्या स्थानकप्रमुखांच्या खोलीबाहेर रांगेत उभ्या राहून गाडी उशिरा आल्याचा दाखला घेऊन आल्या होत्या. सोबत एक अर्ज होता आणि त्याखाली दोन नावे होती. दुसऱ्या नावापुढे सहीसाठी जागा सोडलेली होती. तो कागद त्यांनी आस्थापना शाखेत देवरे मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि त्या आपल्या टपालाच्या टेबलाकडे गेल्या. दुपारी लाल खुणेखाली "दाखला जोडला" असा शेरा आला.

संध्याकाळी गाडीत देवरे मॅडमनी विचारले, "माझे नाव का घातले?"

"दोन अर्ज लिहिण्यापेक्षा एकात दोन नावे लिहिणे सोपे होते."

हिवाळ्यात मॅटकडून कार्यालयाचे शपथपत्र मागवले गेले. परिच्छेदनिहाय अभिप्राय तयार करण्याचे काम आस्थापना शाखेचे, म्हणजे देवरे मॅडमचे. त्यांनी नस्तीवर टिपणी लिहिली : "सदर प्रकरणी अधोस्वाक्षरीत स्वतः प्रतिवादी क्रमांक ३ असल्याने अभिप्रायाचे काम अन्य कर्मचाऱ्याकडे सोपवण्यात यावे." आणि त्याखाली : "अर्जदाराच्या प्रसूती रजेचा मंजुरी आदेश नस्तीत आढळून येत नाही. सेवापुस्तकातील प्रत काढून सोबत जोडली आहे."

आपली हरकत त्यांनी मागे घेतली नाही. गायधनी मॅडमनीही अर्ज मागे घेतला नाही.

शपथपत्राची प्रत वकिलांमार्फत गायधनी मॅडमच्या हाती आली तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. त्यांनी ती गाडीत आणली आणि घोटी गेल्यावर उघडली.

"रजेचा आदेश कितव्या पानावर आहे?" त्यांनी विचारले.

"त्रेचाळीस. पण त्याची पाठ पाहा. तुमची रुजू झाल्याची तारीख पाठीमागे आहे आणि त्यांनी पाठीची छायाप्रत काढलेली नाही. वकिलांना सांगून मागवून घ्या."

गायधनी मॅडमनी पान उलटले. पाठ कोरी होती. त्यांनी पर्समध्ये पेन शोधले, सापडले नाही, आणि हात पुढे केला.

---

निवृत्त अधीक्षक

मी आस्थापना शाखेत आयुष्य घालवले आहे, त्यामुळे कथा वाचताना कार्यालयाचा वास आला. सेवापुस्तकाचा मुद्दा नेमका धरला आहे. बाहेरच्या वाचकाला वाटेल की तिने खोटे काही लिहिले नाही, मग एवढा कडवटपणा कशासाठी? आमच्याकडे अशा गोष्टीला क्षमा नसते. ज्याच्या हाती सर्वांची सेवापुस्तके आहेत त्याने त्यातले स्वतःच्या लाभासाठी वापरायचे नाही, हा कोणत्याही नियमपुस्तकापेक्षा जुना संकेत आहे. खरे तर तिने हरकतीत केवळ "अर्जदार तिसऱ्या संधीस बसलेल्या नाहीत, खात्री करावी" एवढे लिहिले असते, तरी कार्यालयाने स्वतः सेवापुस्तक उघडून तीच दुरुस्ती केली असती. आदेशाचा क्रमांक घालण्याची गरज नव्हती. तो क्रमांक म्हणजेच तिचा गुन्हा आहे, आणि कथेत तो उद्गारचिन्हाशिवाय आला हे मला आवडले.

एक किरकोळ सूचना आहे. तीन रिकाम्या जागा म्हणजे यादीतील पहिले तीन जण, असे थेट होत नाही. मध्ये कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे ठरवणारी आरक्षणाची बिंदुनामावली येते. एका वाक्यात "तिन्ही बिंदू खुल्या प्रवर्गाचे होते" असे म्हटले, तर जाणकाराला खटकणार नाही.

तिने आदेशाची प्रत जोडली याला मोठेपणा समजणाऱ्यांशी मात्र मी सहमत नाही. ते तिचे कर्तव्य होते. अपूर्ण नस्तीवर शपथपत्र गेले असते तर कार्यालयप्रमुखांना न्यायाधिकरणापुढे उत्तर द्यावे लागले असते.

घाटमाथा

कथा चांगली आहे, पण रेल्वेचा तपशील चुकला आहे. मागची इंजिने इगतपुरीला जोडतात, कसाऱ्याला नाही. मी लहानपणी इगतपुरीच्या फलाटावर ती उभी असलेली कित्येकदा पाहिली आहेत. आणि पंचवटी कसाऱ्याला थांबते असे वेळापत्रकात मी पाहिलेले नाही.

लोको_कसारा

घाटमाथा, तुम्ही इंजिने इगतपुरीला पाहिली हे बरोबर आहे, पण ती तेथे सोडवली जात होती. मुंबईकडून येताना चढ कसारा ते इगतपुरी असा आहे, साधारण ३७ ला १. म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. एवढ्या चढावर पुढच्या इंजिनाने एकट्याने ओढले तर ताण सगळा डब्यांच्या जोडणीवर येतो, म्हणून कसाऱ्याला मागून बँकर लावतात आणि ते गाडी ढकलत वर आणतात. इगतपुरीला त्यांचे काम संपते. वेळापत्रकात थांबा छापलेला असो वा नसो, बँकर लावायला गाडीला थांबावेच लागते. अलीकडे मुंबईच्या राजधानीसारख्या काही गाड्यांना पुढे-मागे इंजिन ठेवून ही थांबण्याची गरज काढून टाकली आहे, पण कथेचा काळ त्याच्या कितीतरी आधीचा आहे.

धक्क्याबद्दल सांगायचे तर तो दोनदा बसतो. पहिला बँकर टेकतात तेव्हा आणि दुसरा गाडी सुटताना, मागचे ढकलणे आणि पुढचे ओढणे जुळेपर्यंत. शेवटच्या डब्यांत तो जास्त जाणवतो. रोजच्या प्रवाशाची झोप त्याने मोडत नाही हे अगदी खरे आहे. माझी निरीक्षणाची बाब वेगळी आहे : सकाळी घाट उतरताना गाडी फार सावकाश जाते, बोगद्यांत डब्यातले बोलणे थांबते. दोन न बोलणाऱ्या बायकांसाठी तो भाग सर्वांत सोपा असणार, कारण तेव्हा कोणीच बोलत नाही. लेखिकेने त्याचा उपयोग केला नाही.

सायली_पिंपळे सौदागर

माझ्याबाबतीत अगदी हेच चालू आहे म्हणून लिहिते. मी हिंजवडीच्या कंपनीत आहे आणि ज्या सहकाऱ्याने माझ्या कामाचे श्रेय वार्षिक मूल्यमापनात स्वतःकडे घेतले, त्याच्यासोबत मला रोज कंपनीच्या गाडीतून दीड तास जावे लागते. तुम्ही विचारले आहे की निकाल काय लागावा, तर माझे मत असे की गायधनींच्या बाजूनेच लागायला हवा, कारण प्रसूती रजेवर असलेल्या बाईची संधी मोजणे हा उघड अन्याय आहे. त्यांनी वकील बदलून पाहावा. मी स्वतः मनुष्यबळ विभागाकडे तक्रार करावी की गाडी बदलून घ्यावी, याबद्दलही कोणी सांगितले तर बरे होईल.

दारणाकाठ

सायली, गायधनी मॅडम काल्पनिक आहेत, त्यामुळे वकील बदलण्याचा सल्ला त्यांच्यापर्यंत पोहोचवता येणार नाही. माझा प्रश्न निकाल कोणाच्या बाजूने लागावा हा नसून तो कथेत दिसावा का, हा आहे. तुमच्या प्रश्नासाठी वेगळा धागा काढलात तर अनेक जण उत्तर देतील.

अधीक्षकसाहेब, बिंदूंचे वाक्य घालते. कर्तव्याबद्दल तुम्ही म्हणता तेच मला हवे होते. देवरे मॅडम कर्तव्याच्या बाहेर एक पाऊलही टाकणाऱ्या नाहीत. त्यांनी जे बिघडवले तेही नियमाला धरून आणि जे दुरुस्त केले तेही नियमाला धरूनच. अशी व्यक्ती माफी कशी मागेल, हे मला शोधायचे होते, आणि माझ्या मते ती नस्तीवर टिपणी लिहील.

लोको_कसारा, बोगद्यांची सूचना मोलाची आहे. बँकरचा तपशील तुम्ही दिल्यामुळे माझे काम वाचले.

पासधारक_निफाड

मी या गाडीने अनेक वर्षे गेले आहे, म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगते. रुमाल टाकून जागा धरणे या कथेत फार गोड करून दाखवले आहे. रुमालाला कोणताही कायदेशीर आधार नाही. ज्या बाईकडे पास आहे आणि जी नाशिकरोडला चढते, तिचा त्या जागेवर तेवढाच हक्क आहे, पण तिच्या ओळखीचे कोणी मागच्या स्थानकावर चढत नसेल तर ती रुमालांकडे पाहत उभी राहते. गायधनी मॅडम आठवडाभर उभ्या राहिल्या हे एका वाक्यात संपले. तो आठवडा मोठा असतो. गुडघा दुखत असेल तर देवळालीपासूनच कळ यायला लागते, आणि घाटात गाडी हलते तेव्हा वरच्या दांडीला धरून उभे राहणे सोपे नसते. नवीन बाईला कोणी मुद्दाम जागा देत नाही. सिस्टरांनी दिली, ती बहुधा एखादी बाई सुट्टीवर असल्यामुळे. ती परत आली तेव्हा काय झाले? डब्यातली खरी भांडणे अशाच वेळी होतात.

माझे म्हणणे असे की येथेच कथेला आणखी एक प्रसंग मिळू शकतो. रुमालाची मूळ मालकीण परत येते, गायधनी मॅडम उठू लागतात, आणि देवरे मॅडम काही न बोलता भिंतीकडे सरकतात. तिघींच्या बाकावर चौघी बसतात. चौथी बसली की कोणालाच नीट बसता येत नाही, म्हणून तिसऱ्या बाईने सरकणे ही साधी गोष्ट नाही. तिचा त्रास रोज दोन-अडीच तासांचा असतो.

दारणाकाठ

हा प्रसंग मी घेणार आहे. पेनच्या आधी ठेवावा की नंतर, यावर विचार करते. आधी ठेवला तर "ओळखपत्राचा क्रमांक लिहिलेला नाही" या वाक्याची धार कमी होते, कारण तोवर देवरे मॅडम चांगल्या वाटू लागलेल्या असतील. बहुधा दाखल्यानंतर ठेवीन.

मुसाफिर_७१

मला कथा सपाट वाटली. वैर एवढे खोल आहे, न्यायालयापर्यंत गेले आहे, आणि ते पेनने आणि दाखल्याने मिटते? २००५ च्या पावसाळ्याचे वर्ष तुम्ही घेतलेच आहे, तर २६ जुलै हाताशी असताना मालगाडी बंद पडल्याचा प्रसंग का घेतला? त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ठाणे-कल्याण भागात माणसे रात्रभर गाड्यांत आणि फलाटांवर अडकली. दोघींना एका अंधाऱ्या डब्यात रात्र काढायला लावा, एकीला ताप येऊ द्या, दुसरीने पाण्यातून वाट काढत औषध आणू द्या. वाचकाच्या डोळ्यांत पाणी येईल.

लोको_कसारा

मुसाफिर, २६ जुलैच्या रात्री अनोळखी माणसांनीही एकमेकांना घरी नेले, जेवू घातले, स्वतःचे कोरडे कपडे दिले. त्या रात्री कोणीही कोणालाही मदत केली असती. त्यामुळे देवरे मॅडमनी गायधनी मॅडमना मदत केली यातून त्या दोघींबद्दल काहीच कळणार नाही. आणि अशा रात्रीनंतर चार दिवसांनी माणसे पुन्हा रुमालावरून भांडू लागली, हेही मी पाहिले आहे. मालगाडी बंद पडण्याचा फायदा असा की तिची बातमी होत नाही. तिच्यामुळे फक्त लाल खूण होते.

मुसाफिर_७१

तुमचा मुद्दा मला समजला, पण पटला नाही. लहान प्रसंगांतून मिटणारे वैर मुळात लहानच असते, असे माझे मत कायम आहे. या दोघी गाडी सुटल्यावर पुन्हा कडवट होणार नाहीत याची खात्री कथा देत नाही. उद्या देवरे मॅडमची बदली नाशिकला झाली तर दोघी एकमेकींना फोन तरी करतील का?

पासधारक_निफाड

करणार नाहीत. गाडीतली माणसे निवृत्तीनंतर सहसा फोन करत नाहीत. पण गाडीत असेपर्यंत ती नात्यातल्यांपेक्षा जास्त वेळ शेजारी असतात, आणि त्यासाठी फोनची गरज नसते.

निवृत्त अधीक्षक

निकालाबद्दल मूळ प्रश्न राहून गेला, म्हणून लिहितो. तो कथेत येऊ नये, आणि याचे कारण साहित्यिक नाही. तिसऱ्या संधीला रजेमुळे गैरहजर राहिल्यास ती संधी वापरली गेली असे धरायचे की नाही, हे त्या त्या संवर्गाच्या परीक्षा नियमांच्या शब्दरचनेवर ठरते. काही नियमांत परीक्षेला न बसणे हीही संधी गमावणे मानले जाते आणि काहींत मंजूर रजेसाठी सूट मागता येते. ज्येष्ठतेसाठी त्या काळी १९८२ ची नियमावली होती. ती पुढे २०२१ मध्ये बदलली गेली. तुम्ही निकाल लिहिलात की वाचक नियम विचारू लागतील आणि तुम्हाला एका काल्पनिक संवर्गाचे नियम रचावे लागतील.

शिवाय व्यवहारातले सांगतो. असे मूळ अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतात आणि तोवर पदोन्नती "न्यायाधिकरणाच्या अंतिम निर्णयाच्या अधीन राहून" दिली जाते. म्हणजे देवरे मॅडमना बढती मिळाली असणार, पण आदेशातल्या त्या एका ओळीसह. गायधनी मॅडम जिंकल्या तर त्यांना मानीव दिनांक, म्हणजे मागील तारखेपासून बढती, मिळेल आणि देवरे मॅडमना कदाचित खाली यावे लागेल. दोघी रोज शेजारी बसून एकीच्या पदावनतीच्या शक्यतेसह प्रवास करतात. तुमच्या कथेत बढतीचा आदेश कोठेच दिसत नाही, आणि मला ती मोठी उणीव वाटते. देवरे मॅडमनी पान ४३ ची पाठ मागवायला सांगितली, म्हणजे स्वतःच्याच आदेशातली ती ओळ खरी होण्याला हातभार लावला. वाचकाला हे कळले तर येथे मी आधी लिहिलेले कर्तव्याचे मत मला मागे घ्यावे लागेल, कारण पाठ मागवायला सांगणे हे कोणत्याही शाखेचे काम नव्हते.

दारणाकाठ

बढतीचा आदेश शपथपत्राच्या प्रसंगापूर्वी आणते. "अंतिम निर्णयाच्या अधीन राहून" ही ओळ गायधनी मॅडम गाडीत देवरे मॅडमच्या हातातील आदेशावर वाचतात, असे करता येईल. एक शंका आहे. त्या आदेशाची प्रत अर्जदाराला कार्यालयाकडून अधिकृतपणे दिली जाते, की त्यांना ती सूचनाफलकावरच पाहावी लागते?

निवृत्त अधीक्षक

आमच्याकडे फलकावर लावत असू आणि संबंधितांना प्रत देत असू. अर्जदार त्या आदेशात "संबंधित" ठरतो की नाही, यावर आमच्याच शाखेत दोन मते होती.